लागोम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी स्वीडनमध्ये राहते आणि नव्याने आलेल्या मराठी मंडळींना स्वीडिश शिकवते. पहिल्या महिन्यातच सगळ्यांच्या कानावर हा शब्द पडतो आणि मग मला निरोप येऊ लागतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लागोम म्हणजे काय? उच्चार कसा करायचा?

‘ला’ लांबवायचा आणि त्यावर जोर द्यायचा, ‘गोम’ पटकन संपवायचं. अर्थ असा, की जे काम आहे त्याला जेवढं हवं तेवढंच, त्याहून कमीही नाही आणि जास्तही नाही. बूट लागोम मोठे असतात, पाणी लागोम गरम असतं, भाषण लागोम लांब असतं, दोन खुर्च्यांमध्ये लागोम अंतर असतं.

शिकणाऱ्यांसाठी एक सोय आहे. स्वीडिश विशेषणं नामाप्रमाणे रूप बदलतात, आपल्या मोठा-मोठी-मोठं सारखी. लागोम मात्र आपल्या ‘छान’सारखा आहे. कुठेही लावा, रूप तेच राहतं.

२. म्हणजे सरासरीच ना? उगाच मोठा शब्द कशाला?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात मोठा गैरसमजही हाच.

एका घरात चार माणसं आहेत. त्यांच्या बुटांचे नंबर ३६, ३८, ४१ आणि ४५. बेरीज १६०, सरासरी ४०. आता चौघांसाठी ४० नंबरचे चार जोड आणा. एकाच्याही पायाला ते नीट बसणार नाहीत. कोणाचा पाय आत सरकेल, कोणाचा आत जाणारच नाही. सरासरी अगदी बरोबर काढली आहे, पण त्या घरात लागोम बूट एकही नाही. ४५ नंबरवाल्याला लागोम बूट ४५ चाच, मग तो दुकानातला सगळ्यात मोठा नंबर का असेना.

सरासरी काढायची तर आधी पुष्कळ वस्तू गोळा कराव्या लागतात आणि एकीकडे दुसरीच्या तुलनेत पाहावं लागतं. लागोम ठरवताना एकच वस्तू समोर असते आणि ती कशासाठी हवी आहे एवढंच विचारायचं असतं. त्यामुळे लागोम कधी मधोमध सापडतं, तर कधी अगदी टोकाला. ते मध्यावर असतं असं लोकांना वाटतं, कारण रोजच्या बऱ्याच गोष्टींत ते टोकांपासून दूर असतं. पण ‘टोकापासून दूर’ आणि ‘बरोबर मध्यावर’ या दोन वेगळ्या जागा आहेत.

स्वीडिशमध्येही हे शब्द वेगवेगळे आहेत. सरासरीला ‘येनॉमस्नित’ म्हणतात. सुमार माणसाला ‘मेडेलमोत्ता’ म्हणतात आणि तो शब्द मनाला लागतो. तुम्ही केलेल्या केकचा गोडवा कोणी ‘अगदी लागोम’ म्हटला, तर तुम्ही खूश व्हाल. तोच केक सुमार म्हटला, तर पुन्हा त्यांच्याकडे केक घेऊन जाणार नाही.

३. एखादं असं उदाहरण द्या ना, जिथे फरक हाताला जाणवेल.

दालचिनीचे बन करा. इथे घरोघरी होतात आणि कॉफीबरोबर खातात. माझ्या शेजारच्या बाईंनी मला शिकवले तेव्हा हा शब्द मला पहिल्यांदा खरा कळला.

पीठ असं होतं: १५० ग्रॅम लोणी वितळवायचं, त्यात ५ डेसिलिटर, म्हणजे अर्धा लिटर दूध घालायचं, ते मिश्रण गरम करायचं आणि ५० ग्रॅम ताज्या यीस्टवर ओतायचं. इथे ताजं यीस्ट ५० ग्रॅमच्या छोट्या चौकोनी वडीत मिळतं. मग साखर, चिमूटभर मीठ, कुटलेली वेलची आणि साधारण १३ डेसिलिटर मैदा.

सगळा खेळ त्या दुधाच्या तापमानाचा आहे. पाणी ० अंशाला गोठतं, १०० ला उकळतं. मधलं काढायचं तर ५०. पण ५० अंशाच्या आसपास यीस्ट मरायला लागतं. पीठ झाकून तासभर ठेवलं तरी जसं होतं तसंच राहतं, आणि भाजल्यावर बनचे दगड होतात. ताज्या यीस्टला लागोम म्हणजे ३७ अंश. स्वीडिशमध्ये याला ‘फिंगरवार्म’ म्हणतात, म्हणजे बोटाला जेमतेम ऊब लागेल इतकं. त्या बाईंनी थर्मामीटर काढलाच नाही. करंगळी दुधात बुडवली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “लागोम.” मी माझा थर्मामीटर लावून पाहिला, काटा ३७ च्या अगदी जवळ होता.

आता याहून बारीक गोष्ट. ३७ हा आकडा पक्का नाही, तो ताज्या यीस्टसाठी आहे. सुक्या यीस्टच्या पाकिटावर इथे ४५ अंश लिहिलेलं असतं. आणि रात्री पीठ मळून फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी बन करायचे, असा बेत असेल तर थंड दूधच लागोम, कारण तेव्हा पीठ सावकाश फुगायला हवं असतं. वाडगा तोच, दूध तेच, पण काम बदललं की लागोमही बदलतं. या तीन कामांची ‘सरासरी’ काढून काहीच हाती लागणार नाही.

शिवाय लागोमच्या दोन बाजू सारख्या नसतात. दूध थोडं गार राहिलं तर पीठ फुगायला वेळ लागतो, एवढंच. दूध जास्त तापलं तर यीस्ट गेलं, ते परत येत नाही. म्हणून सवयीचे हात थोडे गार बाजूलाच चुकतात. मैद्याचंही तसंच आहे. शेवटचा एक डेसिलिटर बाजूला ठेवायचा आणि पीठ भांड्याच्या कडा सोडू लागलं की थांबायचं. कमी पडला तर वरून घालता येतो, जास्त झालेला मैदा काढता येत नाही, आणि मग बन कोरडे होतात.

४. मग रोज थोडं थोडं खाणं म्हणजेच लागोम, असं म्हणता येईल का?

नेहमी नाही. इथली मुलं गोळ्या-चॉकलेटं बहुतेक घरांत फक्त शनिवारी खातात. या प्रथेचं नाव ‘लोर्दाग्सगूडिस’, म्हणजे शनिवारचा खाऊ. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुकानात मुलं कागदी पिशवी घेऊन डब्यांसमोर उभी असतात आणि छोट्या पळीने हवा तो खाऊ भरतात. बाकीचे दिवस नाही म्हणजे नाही.

समजा आठवड्याला सात टॉफ्या. रोज एक खाल्ली तर दिवसाची सरासरी एक. सातही शनिवारी खाल्ल्या तरी सरासरी एकच. पण दातांच्या दृष्टीने दोन्ही सारखं नाही. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि दर वेळी खाल्ल्यावर काही वेळ दात त्या आम्लात राहतात. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याला इथे जास्त महत्त्व आहे.

हे ज्ञान आलं तो इतिहास मात्र वाईट आहे आणि तो सांगितल्याशिवाय या प्रथेबद्दल बोलू नये, असं मला वाटतं. १९४० च्या दशकात लुंड शहरातल्या विपेहोल्म या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला देऊन दात कसे किडतात ते पाहिलं गेलं. त्यांची संमती घेतली नव्हती. अनेकांचे दात कायमचे खराब झाले. त्यातून निघालेला निष्कर्ष असा, की जेवणांच्या मधल्या वेळात पुन्हा पुन्हा खाल्लेला चिकट गोड पदार्थ सगळ्यात घातक. पुढे आरोग्य खात्याने आठवड्यातून एकदाच गोड खाण्याचा सल्ला दिला आणि तो घराघरात रुजला.

म्हणजे सहा दिवस शून्य आणि एक दिवस भरपूर, अशी दोन टोकं जोडून इथे लागोम साधलं आहे.

५. ‘पुरेसं’ आणि लागोम यांत काय फरक?

‘पुरेसं’ला खालची हद्द असते, वरची नसते. पाच जणांसाठी पाच पोळ्या पुरेशा असतील तर पन्नासही पुरेशाच. लागोमला वरचीही हद्द आहे. पन्नास पोळ्या लागोम नाहीत, कारण उद्या त्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. स्वीडिशमध्ये पुरेशासाठी ‘तिल्रेकलिग’ हा स्वतंत्र शब्द आहे. पगार, झोप, पुरावा यांच्याबद्दल बोलताना बहुधा तोच वापरतात, कारण तिथे ‘कमी पडू नये’ हीच काळजी असते.

६. स्वीडनला ‘मधल्या दुधाचा देश’ म्हणतात. मग ते दूध म्हणजेच लागोम नाही का?

दुकानात दुधाच्या खोक्यांची रांग असते. जवळजवळ साय नसलेलं ०.१ टक्के चरबीचं, मग ०.५, मग १.५ आणि मग ३ टक्क्यांचं. त्यातलं १.५ वालं ‘मेलानम्योल्क’, शब्दशः मधलं दूध. स्वतःच्या देशाला ‘मधल्या दुधाचा देश’ म्हणणारे स्वीडिश लोक तक्रारच करत असतात: इथे कोणी धड काही निवडत नाही, सगळे मधलं उचलतात.

ही तक्रार मला पटते, आणि म्हणूनच ते दूध लागोमचं उदाहरण नाही. विचार न करता मधलं उचललं तर ती सवय झाली. लहान मुलाच्या खिरीला ३ टक्क्यांचं आणि डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितलेल्या आजोबांना ०.५ चं, असं पाहून घेतलं तर दोन्ही खोकी लागोम.

७. व्हायकिंग लोक एकाच शिंगातून मधाची दारू पीत आणि सगळ्यांना पुरेल इतकाच घोट घेत, त्यावरून हा शब्द आला. खरं का?

नाही. गोष्ट अशी सांगतात, की ‘लागेत ओम’, म्हणजे ‘गटाभोवती’, या दोन शब्दांचं लागोम झालं. ऐकायला ती इतकी छान आहे की स्वीडिश लोकसुद्धा सांगतात. पण शब्दाचं मूळ व्याकरणात आहे. ‘लाग’ म्हणजे कायदा, रीत. जुन्या स्वीडिशमध्ये विभक्तीचे प्रत्यय होते आणि चतुर्थीच्या अनेकवचनाला ‘उम’ लागत असे. त्याचं रूप झालं ‘लागुम’, अर्थ ‘रीतीप्रमाणे’. पुढे भाषेतून ती विभक्ती गेली, पण काही शब्दांत गोठून राहिली. ‘स्तुंदोम’, म्हणजे कधीकधी, हाही त्यातलाच. आपल्याकडे ‘घरी’, ‘दारी’, ‘सकाळी’ यांत सप्तमीचा ‘ई’ असाच मोजक्या शब्दांपुरता उरला आहे.

घोटाळा होण्याचं कारण एवढंच, की आजच्या स्वीडिशमध्ये ‘लाग’चे कायदा आणि गट असे दोन्ही अर्थ आहेत. मूळ अर्थाला सगळ्यात जवळचा मराठी शब्द मला ‘रीतसर’ वाटतो.

८. मराठीत याला शब्द आहे की नाही?

एकच शब्द सगळीकडे बसेल असा नाही. कामागणिक बदलावा लागतो. स्वयंपाकात ‘बेताचं’: बेताचं तिखट, बेताचं मीठ. बोलण्यात ‘मोजकं’. मागणीत ‘माफक’. कपड्यात ‘अंगासरशी’. ‘मध्यम’ आणि ‘सरासरी’ वापरू नका, कारण प्रश्न २ मध्ये सांगितलं ते. ‘जेमतेम’ तर अजिबात नको, त्यात कमतरतेची धाकधूक आहे.

‘हा शब्द जगात फक्त स्वीडिशमध्येच आहे’ असं सांगितलं जातं, तेही खरं नाही. शेजारच्या नॉर्वेत ‘पासे’ आणि डेन्मार्कमध्ये ‘तिल्पास’ जवळपास हेच काम करतात.

‘लागोम एर बेस्ट’, म्हणजे लागोम तेच उत्तम, ही त्यांची म्हण. तिच्यासाठी अनेक जण ‘अति तेथे माती’ सुचवतात. ती अर्धीच जुळते. आपली म्हण फक्त जास्तीपासून सावध करते. त्यांची म्हण कमी पडण्यालाही तितकीच नाकारते.

९. सहकाऱ्याला विचारलं, कालचा कार्यक्रम कसा झाला? तो म्हणाला ‘लागोम कूल’. ‘कूल’ म्हणजे मजेदार. मी खूश झाले, पण तो हसत नव्हता. काय चुकलं?

तो म्हणाला, ‘मजा बेताचीच आली’. म्हणजे आलीच नाही.

इथेच सावध राहायला हवं. प्रमाण साधायचं असतं अशा गोष्टींना, म्हणजे उष्णता, आकार, गोडी, लांबी यांना लागोम लावलं की कौतुक होतं. पण मजा, हुशारी, आस्था अशा गोष्टी जितक्या जास्त तितक्या बऱ्या. तिथे वरची हद्दच नसते. त्यांना लागोम लावलं की अर्थ खाली घसरतो. ‘लागोम हुशार’ म्हणजे फारसा हुशार नाही. ‘लागोम उत्सुक’ म्हणजे उत्सुक नाहीच.

मराठी माणसाला हे शिकवायला मला कधी वेळ लागत नाही, कारण आपला ‘बेताचा’ अगदी याच वाटेने गेला आहे. बेताचं मीठ म्हणजे उत्तम आमटी. बेताची बुद्धी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. ‘बेताची परिस्थिती’ तर थेट गरिबीच. मनात ‘बेताचा’ ठेवून पाहा, लागोमचा सूर दहातल्या नऊ वेळा बरोबर लागेल.

१०. ‘लागोम तिल यूल’ आणि ‘लागोम ओत देय’ यांचा प्रमाणाशी काय संबंध?

पहिल्यात वेळेचं प्रमाण आहे. ‘यूल’ म्हणजे नाताळ, आणि अर्थ ‘नेमकं नाताळच्या वेळेला’. पुस्तक लागोम तिल यूल आलं, म्हणजे वेळ साधून आलं.

दुसऱ्याचा अर्थ ‘बरं झालं, तुला हेच हवं होतं’. म्हणजे वाटेला आलं ते तुझ्या वागण्याला साजेसंच. प्रश्न ७ मधली ‘रीत’ इथे अजून ऐकू येते. भांडणात कोणी हे म्हणालं, तर त्याला समतोलाचा सल्ला समजू नका.

११. हे आणि ‘यांते’चा कायदा एकच का?

नाही. यांते हे आक्सेल सांदेमूसे या लेखकाने १९३३ च्या कादंबरीत रंगवलेलं काल्पनिक गाव. तिथला पहिला नियम: तू कोणी विशेष आहेस असं समजू नकोस. तो माणसांना माणसांपेक्षा वर जाऊ देत नाही. लागोमला दुसऱ्या माणसाशी देणंघेणं नाही, त्याला वस्तू आणि काम यांचा मेळ हवा. वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळवणारी मुलगी यांतेच्या नियमाला खुपेल. लागोमला खुपण्याचं कारण नाही.

१२. स्वीडनमध्ये खरंच सगळं लागोम असतं का?

नाही. ‘लागोमचा देश’ हे नाव लोक कधी अभिमानाने घेतात, कधी वैतागून. जगभरच्या मूल्यांची पाहणी करून समाजशास्त्रज्ञ जो सांस्कृतिक नकाशा काढतात, त्यात स्वीडन मध्यावर नसतं, अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात असतं. कॉफीही जगात सर्वाधिक पिणाऱ्या देशांपैकी हा एक.

काही गोष्टींत लागोम संभवतच नाही, कारण मधली जागाच नसते. ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटेपर्यंत स्वीडनमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून धावत. पाच वाजायला दहा मिनिटं असताना रस्त्यावरच्या मोजक्या गाड्या थांबल्या, सावकाश उजव्या बाजूला गेल्या आणि ठीक पाचला उजवीकडून चालू लागल्या. आधी ट्रक, मग बस, मग मोटारी असं हळूहळू करणं वरवर लागोम वाटलं असतं, पण त्यात माणसं मेली असती. जिथे थोडं कमी, थोडं जास्त असं करताच येत नाही, तिथे हा शब्द बाजूला ठेवायचा.

१३. ऑफिसमध्ये एकच कॉफीचं भांडं आहे. मला लागोम ती दुसऱ्याला कडू. कोणाचं लागोम धरायचं?

कॉफी स्वतः ओतून देत असाल तर प्रश्नच नाही. “लागोम झालं की सांगा,” म्हणायचं आणि ओतत राहायचं. समोरचा “लागोम” म्हणाला की हात थांबवायचा. इथे घरोघरी असंच करतात, आणि पाहुण्याला दुसऱ्यांदा आग्रह केला तर तो गोंधळतो, कारण त्याने आधीच नेमकं सांगितलेलं असतं.

सामाईक भांड्यात मात्र सगळ्यांच्या आवडीची सरासरी काढली, की बुटांसारखंच होतं (प्रश्न २). आमच्या वर्गात जे कडक पितात त्यांच्या मापाने आम्ही कॉफी करतो आणि शेजारी गरम पाण्याचा थर्मास ठेवतो. मैद्यासारखंच आहे (प्रश्न ३): कडक कॉफीत पाणी घालता येतं, पातळ झालेली पुन्हा कडक करता येत नाही. जो तो आपल्या कपात घालून घेतो.